बी.एस्सी. ॲग्री झालंय म्हणून ऑप्शनल ॲग्रीच घ्यायचा का?

प्रश्न: सर, परभणीहून बी.एस्सी. ॲग्री केलंय, आता पुण्यात आहे. युपीएससी टार्गेट आहे पण राज्यसेवापण देणार. ऑप्शनल ॲग्रीकल्चर घेऊ, समाजशास्त्र की मराठी साहित्य? कॉलेजात सॉइल आणि एक्स्टेन्शन आवडायचं, जेनेटिक्स कसंबसं पास झालो. क्लासवाले म्हणतात सोशिओ घे, ओव्हरलॅप आहे. रूममेट म्हणतो मराठीत मार्क पडतात. जीएस इंग्रजीत लिहायचं का मराठीत तेही ठरलं नाही. कसं ठरवायचं?

उत्तर:

तुझा खरा घोळ तीन विषयांचा नाहीये. इंटरेस्ट, ओव्हरलॅप आणि गाईडन्स हे तीन शब्द तुला तीन वेगवेगळ्या लोकांनी दिलेत आणि प्रत्येकजण आपल्या सोयीने एकच शब्द धरून बसलाय. आणि शेवटच्या ओळीत तू माध्यमाचं जे सहज लिहून टाकलंयस, त्याचाही तुझ्या निर्णयाशी संबंध आहे, त्यामुळे तिथे नंतर येतो.

मी बरीच वर्षं मेन्सच्या मुलांचे ऑप्शनलचे पेपर तपासतोय, मुख्यतः समाजशास्त्र, आणि आमच्याच अभ्यासिकेत ॲग्रीवाली पोरं भरपूर असतात, त्यांचे पेपर तपासणारे त्यांचे प्राध्यापक आणि सीनियर यांच्याशी रोजचं बोलणं आहे. ते बघून जे समजलंय ते सांगतो. तुझे कॉलेजचे मार्क, इंग्रजी लिहिण्याचा वेग, घरून किती वर्षांची मुभा आहे, हे मला माहीत नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय तुझाच राहील, पण तो कसा तपासून घ्यायचा ते नक्की सांगता येईल.

आधी वजन समजून घे. मेन्सचे मेरिटला धरले जाणारे मार्क 1750, त्यात ऑप्शनलचे दोन पेपर मिळून 500. राज्यसेवेतही आता वर्णनात्मक पॅटर्न आलाय, तिथेही ऑप्शनलचे 250 चे दोन पेपर आहेत, म्हणजे एकदा घेतलेला विषय दोन्हीकडे कामाला येतो आणि चुकला तर दोन्हीकडे आडवा येतो. दोन्हीकडचा सिलॅबस मात्र ओळीला ओळ लावून तपास, नाव एक असलं म्हणजे आतला मजकूर तंतोतंत तोच असेल असं धरून चालू नकोस.

आता ओव्हरलॅप, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. पोरं काय करतात, ऑप्शनलचा सिलॅबस आणि जीएसचा सिलॅबस शेजारी ठेवतात आणि सारखे शब्द दिसले की हायलाइट मारतात. ॲग्रीच्या पेपर एकमधे क्रॉपिंग पॅटर्न आहे, जीएस तीनमधेही आहे, झाला ओव्हरलॅप. पण शब्द सारखा आहे म्हणून उत्तर सारखं नसतं. उत्तर लिहिताना काय वापरता येतं ते बघायचं असतं.

युरियाचं उदाहरण घे, कारण तू सॉइलवाला आहेस. जीएस तीनमधे खतांच्या असंतुलित वापरावर प्रश्न आला तर तू लिहिणार की युरियाची किंमत सरकारने बांधून कमी ठेवलीय, स्फुरद आणि पालाशची खतं 2010 पासून पोषणद्रव्याधारित अनुदानाखाली गेली, त्यांच्या किमती वर गेल्या, शेतकरी स्वस्त म्हणून युरियाच टाकत राहिला, 4:2:1 हे जे आदर्श मानलं जाणारं प्रमाण आहे ते बिघडलं, मग मृदा आरोग्य पत्रिका, नीम कोटिंग, पुढे काय करावं, संपलं. हे उत्तर धोरणाचं आहे. आता तोच युरिया ॲग्रीच्या पेपरात आला तर परीक्षकाला अनुदानाची गोष्ट नकोय. त्याला हवंय की युरिया जमिनीत पडल्यावर युरिएजमुळे त्याचं अमोनियात रूपांतर होतं, मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी विम्लतेकडे असतो त्यामुळे वरवर फेकलेल्या युरियातला नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो, पाणी साचलं तर डीनायट्रिफिकेशन होतं, नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं, निंबोळीचा थर नायट्रिफिकेशन मंदावतो म्हणून नत्र जास्त काळ टिकतो, म्हणून मग हप्त्याहप्त्याने द्या, मातीआड करा. सोबत नत्रचक्राची एक छोटी आकृती. बघ, विषय एकच आणि दोन उत्तरांत कॉमन वाक्यं जेमतेम दोन.

म्हणून मी ओव्हरलॅप मोजायला सांगतो तो असा. जीएसचे मागच्या काही वर्षांचे पेपर घे आणि प्रत्येक प्रश्नाला विचार, की माझ्या ऑप्शनलच्या अभ्यासातून या उत्तरात एक तरी असं वाक्य येईल का जे बाकीच्यांकडे नसेल? येत असेल तर तो ओव्हरलॅप, नुसतं हेडिंग जुळत असेल तर नाही. या मापाने बघितलं तर ॲग्रीचा पेपर एक जीएस तीनच्या शेती, सिंचन, पर्यावरण या भागाला चांगली ताकद देतो. पेपर दोनमधे मात्र पेशीविज्ञान, जेनेटिक्स, ब्रीडिंग, बियाणं तंत्रज्ञान, प्लँट फिजिऑलॉजी, फळबागा, पीक संरक्षण असं सगळं आहे, तिथून जीएसला अन्नसुरक्षा आणि पोषणाचा एक तुकडा आणि जीएम पिकांसारखा एखादा प्रश्न सोडला तर फारसं काही जात नाही. समाजशास्त्रात उलटं, पेपर एकमधले मार्क्स, डर्कहाइम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड हे थेट जीएसला जात नाहीत, पण पेपर दोन हा पूर्ण भारतीय समाजाचा आहे, त्यामुळे जीएस एकचा समाजाचा भाग, जीएस दोनचा सामाजिक न्यायाचा भाग आणि निबंध, तिन्हीकडे तो उपयोगी पडतो. मराठी साहित्याचा जीएसशी संबंध जवळपास नाहीच, निबंधाला थोडा हात लागतो. म्हणजे क्लासवाले खोटं सांगत नाहीयेत, ओव्हरलॅप सोशिओचाच जास्त आहे.

पण या ओव्हरलॅपची दुसरी बाजू मी दर वर्षी पेपरांत बघतो आणि मनापासून वाईट वाटतं, कारण मुलाने कष्ट केलेले असतात. सोशिओवाली पोरं जीएसची उत्तरं ऑप्शनलच्या पेपरात लिहून येतात. विषय ओळखीचा वाटतो, जात, शेती, स्थलांतर, कुटुंब, सगळं वर्तमानपत्रात वाचलेलं, पेन चालायला लागतं आणि अडीचशेपैकी मार्क येतात ते बघून पोरगं हादरतं, कारण त्याच्या मते पेपर छान गेलेला असतो.

हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. उत्तरातली विचारवंतांची नावं आणि संकल्पना पेन्सिलीने खोडून टाक. खोडल्यावरही उत्तर धडधाकट उभं राहत असेल तर ते जीएसचं उत्तर आहे, नावं फक्त वरून चिकटवलेली होती. समज, खेड्यातल्या सत्तेवर प्रश्न आहे. एकजण लिहितो, गावात काही जातींचं वर्चस्व असतं, त्यांच्याकडे जमीन असते, पंचायतीत तेच निवडून येतात, श्रीनिवास यांनी याला प्रभुत्वशाली जात म्हटलं आहे. श्रीनिवास खोडा, काही बिघडत नाही. दुसरा लिहितो की श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा गावाच्या अभ्यासातून ही संकल्पना मांडली, त्यात संख्याबळ, जमीन आणि राजकीय सत्ता हे वेगवेगळे घटक आहेत आणि ते सगळे एकाच जातीकडे असतीलच असं नाही, मग तो महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात येतो, तिथे जमिनीच्या जोडीला सहकारी कारखाना आणि जिल्हा बँक आली की हे घटक एकमेकांना कसे बळ देतात ते सांगतो, आणि नंतर विचारतो की जमिनीचे तुकडे पडत गेले, तरुण शहरात गेले, आरक्षणाने सरपंचपद दुसरीकडे गेलं, तर ही संकल्पना अजून किती लागू पडते. इथे श्रीनिवास खोडले तर उत्तरच कोसळतं. हे समाजशास्त्राचं उत्तर.

आता तू स्वतःला विचार, तुला असं विचार करायला आवडतं का? समोर दिसणारी गोष्ट घेऊन ती एखाद्या चौकटीत बसवायची, मग चौकट कुठे अपुरी पडते ते बघायचं. तू एक्स्टेन्शन आवडायचं म्हणतोस. का आवडायचं ते जरा खोदून बघ. शेतकरी नवीन तंत्र का स्वीकारत नाही, गावात आधी कोण स्वीकारतं, बाकीचे कोणाचं बघून करतात, यात मजा वाटायची का? तर तुझ्यात समाजशास्त्र आहे. का एक्स्टेन्शन सोपं होतं, मार्क पडायचे, म्हणून आवडायचं? तर मग तो इंटरेस्ट धरू नकोस.

इंटरेस्टबद्दल एवढंच सांगतो की तो मनात विचारून कळत नाही, पेपर समोर ठेवून कळतो. युपीएससीच्या साइटवर जुने प्रश्नपत्रिकांचे पीडीएफ फुकट आहेत, तुझ्या दोन मुख्य विषयांचे मागच्या आठेक वर्षांचे प्रिंट काढ. मुद्दाम प्रिंट म्हणतोय, मोबाईलवर वाचून हे होत नाही. प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण कर, एक म्हणजे आज बसवलं तरी अर्धं उत्तर लिहीन, दोन म्हणजे वाचलं तर लिहू शकेन आणि वाचावंसं वाटतंय, तीन म्हणजे प्रश्न काय विचारतोय तेच कळत नाही किंवा कळूनही नको वाटतंय. पहिली खूण तुझा बेस सांगते, पण निर्णयासाठी मी दुसरी आणि तिसरी बघतो. ज्या विषयात दोनच्या खुणा भरपूर आहेत तो विषय वर्षभर ओढता येतो. तिनाच्या खुणा एकाच टॉपिकभोवती गोळा झाल्या असतील तर तो टॉपिक वेगळा काढ, त्याची वेगळी चाचणी घ्यायची.

तुझ्या बाबतीत तो ढीग जेनेटिक्स आणि ब्रीडिंगचा निघणार हे तू लिहूनच टाकलंयस. आणि इथे पेपरचा साचा समजून घेतला पाहिजे. प्रत्येक पेपरात आठ प्रश्न, दोन भाग, त्यातले पाच सोडवायचे. पहिला आणि पाचवा सक्तीचा, त्यात दहा-दहा मार्कांचे पाच तुकडे, उरलेल्यांतले तीन निवडायचे पण प्रत्येक भागातून किमान एक घ्यावाच लागतो. म्हणजे सक्तीच्या प्रश्नात टॉपिक विखुरलेले असतात आणि एका भागाला पूर्ण बगल देता येत नाही. त्यामुळे "जेनेटिक्स ऑप्शनला टाकतो, बाकी करतो" हे गणित पेपर दोनमधे बसत नाही. वेळाचा हिशोबही कर, तीन तासांत 250 मार्क म्हणजे दहा मार्कांना सात मिनिटं, आणि त्यात आकृती. अर्धवट येणाऱ्या टॉपिकवर सात मिनिटांत काही सुचत नाही.

पण म्हणून ॲग्री लगेच सोडू नकोस. कॉलेजात जेनेटिक्स नकोसं होतं ते बऱ्याचदा शिकवण्याच्या आणि सेमिस्टरच्या घाईमुळे. आमच्याकडच्या एका ॲग्रीच्या मुलाचं असंच होतं, पेपर दोनचं नाव काढलं की पुस्तक मिटायचा. घरी कापूस आणि सोयाबीन. त्याला त्याच्या सीनियरने एकच प्रश्न लिहून आणायला सांगितला, तुमच्या घरी सोयाबीनचं बियाणं घरचं ठेवून पेरता, मग कापसाची पिशवी दर वर्षी दुकानातून का आणता? त्याचं उत्तर लिहायला बसला आणि अख्खा सिलॅबस मागोमाग आला. सोयाबीन स्वपरागित, वाण शुद्ध, म्हणून पुढच्या पिढीतही गुण बऱ्यापैकी तेच राहतात. कापूस संकरित, पहिल्या पिढीत संकरजोम, पण तेच बी पेरलं तर दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, शेत एकसारखं येत नाही. मग संकरजोम का येतो, त्याचे डॉमिनन्स आणि ओव्हरडॉमिनन्स हे दोन सिद्धांत, मग संकरित बियाणं तयार कसं करतात, कापसात हाताने फुलाचे पुंकेसर काढून परागीकरण आणि ज्वारी-बाजरीत नर वंध्यत्व वापरून ए, बी आणि आर लाइन, मग बियाण्याचे ब्रीडर, फाउंडेशन, सर्टिफाइड हे टप्पे. मेंडेलपासून सीड टेक्नॉलॉजीपर्यंत सगळं त्या एका पिशवीत होतं. त्याने पुढे ॲग्रीच ठेवला.

तू हेच कर, दहा दिवस दे. फक्त मेंडेल, लिंकेज, संकरजोम, नर वंध्यत्व आणि बियाण्याचे टप्पे एवढंच घे, कॉलेजच्या नोट्सवरून कर, आणि दहा दिवसांनी जुन्या पेपरांतले या टॉपिकवरचे चार प्रश्न घड्याळ लावून लिही. चारातले तीन आकृतीसकट, वेळेत आणि स्वतःच्या वाक्यात उतरले तर तुझी जेनेटिक्सची अडचण ही भीती होती. प्रत्येक वाक्यासाठी नोट्स उघडाव्या लागल्या, दहा दिवसांतले पाच तू दुसरंच काहीतरी वाचत बसलास, तर मग ती खरी नावड आहे आणि पेपर दोनमधे ती तुला दर अटेम्प्टला भेटणार. हे आताच कळलं तर बरं, मेन्सच्या आधी दोन महिने कळलं तर फार महाग पडतं.

समांतर सोशिओचीही अशीच चाचणी घे, पण टॉपिक दोन वेगळ्या स्वभावाचे घे, एक डर्कहाइम आणि एक जात. जात सगळ्यांनाच आवडते, डर्कहाइमवर टिकतोस का ते बघ. दोन्हीवर दोन-दोन उत्तरं लिही आणि वर सांगितलेली पेन्सिलची कसोटी लाव.

मराठी साहित्य. रूममेट म्हणतो मार्क पडतात. हा विषय चांगला आहे, मराठीतून वाचन असलेल्या मुलांना खरंच झेपतो, सिलॅबस बांधीव आहे, पेपर दोनमधे नेमलेल्या साहित्यकृती आहेत, महात्मा फुल्यांच्या शेतकऱ्याचा आसूडपासून विशाखा, नारायण सुर्व्यांचा जाहीरनामा, ढसाळ, सगळं तिथे आहे, आणि चालू घडामोडींनी तो दर वर्षी फुगत नाही. पण पेपर एकमधे भाषेचा इतिहास, बोली, व्याकरण, लोकसाहित्य, समीक्षा हे आहे आणि "वाचायची आवड" असलेली पोरं बरोबर तिथेच अडकतात. कविता आवडणं वेगळं आणि तिच्या प्रतिमांवर, रचनेवर, समीक्षकांचे मतभेद देऊन तीनेकशे शब्द लिहिणं वेगळं. तुझ्या प्रश्नात साहित्य आवडतं असं एकही वाक्य नाही, फक्त रूममेटचं मत आहे. मनात असेल तर नेमलेल्या पुस्तकांतलं एक पूर्ण वाच आणि त्यावर एक उत्तर लिही, नसेल तर या विषयाला तुझ्या यादीतून आजच काढ, दोघांत निवडणं तिघांत निवडण्यापेक्षा सोपं जातं.

आणि "मार्क पडतात" या वाक्याबद्दल. युपीएससीच्या वार्षिक अहवालात विषयवार किती बसले आणि किती शिफारसपात्र ठरले याचा तक्ता असतो, क्लासवाले त्यातून टक्केवारी काढून पोस्टर लावतात. तो तक्ता खरा असतो पण तो वाचताना सांभाळ. समज एखाद्या विषयात पंधरा जण बसले आणि दोन झाले, तर तेरा टक्के दिसतात, पुढच्या वर्षी एकच झाला तर आकडा निम्म्यावर. छोट्या विषयाची टक्केवारी अशीच उड्या मारते. शिवाय मेडिकल सायन्स डॉक्टरच घेतात, त्यांचा निकाल तुझ्या कामाचा नाही, आणि मोठ्या विषयांत तयारी न झालेली गर्दीही मोठी असते. तक्त्यातून एवढंच घ्यायचं की तुझ्या विषयातून दर वर्षी कोणी ना कोणी निघतंय का. तुझ्या तिन्ही विषयांना तेवढं पुरेसं आहे, त्यापुढे विषय तुला मार्क देत नाही.

आता गाईडन्स. गाईडन्स म्हणजे क्लास नाही. तुला तीन गोष्टी लागतात, सिलॅबस भरून काढणारं साहित्य, जुने पेपर, आणि तुझं उत्तर वाचून लाल पेनाने "हे इथे नको, हे कमी पडलं" म्हणणारा माणूस. पहिल्या दोन गोष्टी आता कुठल्याही विषयात मिळतात. तिसरी दुर्मिळ आहे आणि निवड करताना खरी चौकशी तिचीच करायची. क्लासच्या ऑफिसात फी विचारण्याआधी विचार, पेपर कोण तपासतं, त्याने स्वतः या विषयातून मेन्स लिहिलीय का, किती दिवसांत परत मिळतो, आणि मागच्या बॅचमधल्या कुणाचा तपासलेला पेपर बघायला मिळेल का. पानावर फक्त बरोबरच्या खुणा आणि शेवटी "चांगला प्रयत्न, आकृत्या वाढवा" एवढंच असेल तर तिथे पैसे घालू नकोस.

सोशिओला पुण्यात-दिल्लीत माणसं भरपूर, ऑनलाइन टेस्ट सिरीज भरपूर. ॲग्रीला क्लास थोडे आहेत, हे खरं, पण तुझ्याकडे जे आहे ते सोशिओवाल्याकडे नाही. परभणीचे तुझे स्वतःचे प्राध्यापक आहेत, राहुरी, अकोला, दापोलीला तुझे मित्र पीजी करत असतील, आणि राज्यात कृषी पदवीधर अधिकारी इतके आहेत की ओळखीतला सीनियर सापडतोच. फक्त एक लक्षात ठेव, प्राध्यापक तुझं उत्तर शास्त्र म्हणून तपासतील, ते बरोबर आहे का सांगतील, पण सात मिनिटांत किती लिहायचं आणि काय गाळायचं हे मेन्स लिहिलेला सीनियरच सांगेल. दोघं लागतात. आठवड्याला दोन उत्तरं बघेन असं म्हणणारा एक जरी सीनियर मिळाला तरी ॲग्रीचा गाईडन्सचा प्रश्न सुटला असं समज.

आता माध्यम. हे आधी ठरव, ऑप्शनल नंतर. युपीएससीत निबंध आणि जीएस तू निवडलेल्या एकाच माध्यमात लिहायचे असतात, ऑप्शनलही त्याच माध्यमात, पण माध्यम मराठी घेतलंस तरी ऑप्शनल इंग्रजीत लिहायची मुभा आहे, प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच येते. साहित्याचा विषय याला अपवाद, जीएस इंग्रजीत लिहूनही मराठी साहित्य मराठीत लिहिता येतं, आणि लिहायचं असतंच मराठीत. तुझी डिग्री इंग्रजीतून झालीय. ॲग्री घेऊन तोही मराठीत लिहायचं ठरवलंस तर प्रश्न इंग्रजीत वाचायचा, उत्तर डोक्यात इंग्रजी नोट्समधून आठवायचं आणि पानावर मराठीत उतरवायचं. मराठीत लिहिताना तांत्रिक संज्ञेपुढे कंसात तिचं इंग्रजी रूप द्यायची मुभा आहे, पण वेळ जातो तो वाक्यं वळवण्यात. तेव्हा ॲग्री घेणार असशील तर तो इंग्रजीत लिहिणं तुला स्वाभाविक पडेल. जीएस आणि निबंधही इंग्रजीत लिहिणार असशील, तर तिथे तुझा हात चालतो का? एक हजार शब्दांचा निबंध इंग्रजीत लिहून बघ, एकाच बैठकीत. तो ओढूनताणून झाला आणि मराठीतला सरळ झाला, तर इंग्रजीच्या हट्टापायी जीएसचे आणि निबंधाचे मिळून 1250 मार्क अडचणीत घालण्यात अर्थ नाही, ते मराठीत लिही आणि ॲग्री घेतलास तर तेवढा इंग्रजीत. सोशिओ घेतलास तर तो मराठीतही लिहिता येईल, तिथेही अनेक संज्ञा इंग्रजीतून येतात पण उदाहरणं तुझ्या गावातली असतात, ती मराठीत सहज उतरतात. राज्यसेवेच्या जाहिरातीत प्रत्येक ऑप्शनलपुढे माध्यम दिलेलं असतं, तेही वाचून घे.

ॲग्रीच्या बाजूने अजून एक गोष्ट, जी कोणी तुला सांगितलेली दिसत नाही. तू कृषी पदवीधर असल्याने महाराष्ट्र कृषी सेवेची मुख्य परीक्षा देऊ शकतोस, तिथे पेपर कृषीचेच असतात, आणि भारतीय वनसेवा देऊ शकतोस, जिची पूर्व परीक्षा सिव्हिल सर्व्हिसेसच्या पूर्वबरोबरच होते, आणि मुख्यला जे दोन ऑप्शनल लागतात त्यांच्या यादीत ॲग्रीकल्चर आहे, समाजशास्त्र आणि मराठी साहित्य नाहीत. म्हणजे ॲग्रीचा ओव्हरलॅप जीएसशी कमी असला तरी दुसऱ्या परीक्षांशी जास्त आहे. तुझ्या घरची परिस्थिती अशी असेल की दोन-तीन वर्षांत कुठेतरी लागायलाच हवं, तर या ओव्हरलॅपला जीएसच्या ओव्हरलॅपपेक्षा जास्त वजन द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

तर तुझ्या जागी माझा क्रम असा असता: पहिल्या आठवड्यात निबंध लिहून माध्यम ठरवायचं आणि पेपरांवर खुणा करायच्या, पुढचे दहा दिवस जेनेटिक्स, त्यानंतर एक आठवडा डर्कहाइम आणि जात. जेनेटिक्सची उत्तरं उतरली आणि सोशिओची पेन्सिलीला टिकली नाहीत तर ॲग्री, दुसरा विचार नको. जेनेटिक्स नाही उतरलं आणि सोशिओची उत्तरं पेन्सिलीला टिकली तर सोशिओ, माध्यम कुठलंही असो. दोन्ही उतरली तर वनसेवा आणि कृषी सेवा द्यायच्यात का यावर ठरव. साधारण महिना जाईल, आणि हा महिना वाया नाही, ज्या विषयात जाशील त्याचा अवघड भाग आधीच उघडलेला असेल.

एकदा फॉर्ममधे भरलं की निदान पहिली मेन्स होईपर्यंत बदलू नकोस. मेन्सची मार्कशीट आली की ऑप्शनलच्या दोन्ही पेपरांचे मार्क वेगळे दिसतात, ते वेगळेच वाच. एक पेपर बरा आणि दुसरा खूप खाली असेल तर सिलॅबसचा एक भाग कच्चा राहिलाय, विषय बदलायची गरज नाही, तो भाग कर. दोन्ही खाली आहेत पण तू दोन्ही पेपर पूर्ण सोडवले होतेस, तर उत्तर लिहिण्याची पद्धत तपासून घे, नवीन विषयातही तीच पद्धत घेऊन जाशील. दोन्ही खाली आहेत आणि दोन्हीत प्रश्न सोडून यावे लागले, अभ्यासाला वेळ मिळूनही, तेव्हा मात्र विषय बदलायचा विचार कर, आणि त्या वेळी तिनाच्या खुणा केलेले हे प्रिंट परत काढून बघ, त्यामुळे आत्ता वापरून झाले की फेकू नकोस.